भ्रमणध्वनी सुरू होताना दिसणारा नारिंगी व लाल इशारा : अर्थ आणि मर्यादा

प्रस्तावना

पुण्यातील सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने, गावी परतणाऱ्या खोलीमित्राकडून त्याचा वापरलेला भ्रमणध्वनी विकत घेतला. फोन उत्तम चालत होता. मात्र तो बंद करून सुरू केला की कंपनीच्या चिन्हाखाली पुढील ओळी पाच सेकंद दिसत असत :

```
Orange State
Your device has been unlocked and can't be trusted
Your device will boot in 5 seconds
```

महिन्याअखेरीस मेसचे पैसे देण्याची वेळ आली, तेव्हा बँकेचे ॲप उघडण्यास नकार देऊ लागले. दुरुस्तीच्या एका दुकानात त्याला सांगण्यात आले, "मेसेज घालवून देतो, दहा मिनिटांचे काम आहे." सुदैवाने त्याने आधी आमच्याकडे विचारणा केली. ते दहा मिनिटांचे काम केले असते तर काय झाले असते, हे समजण्यासाठी या रंगांचा अर्थ नेमका काय, हे पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात अँड्रॉइड प्रणालीवरील फोनचाच विचार केला आहे.

तपासणीची साखळी

फोन सुरू होताना सर्व आज्ञावली एकदम चालू होत नाही. प्रथम चिपमध्येच कायमची कोरलेली एक लहानशी आज्ञावली जागी होते. ती पुढच्या आज्ञावलीची स्वाक्षरी तपासून तिच्याकडे सूत्रे सोपवते. शेवटी सूत्रे बूटलोडरकडे येतात. बूटलोडरच्या पोटात फोन बनविणाऱ्या कंपनीची सार्वजनिक किल्ली असते. अँड्रॉइड ८ पासून (२०१७) रूढ झालेल्या पद्धतीत `vbmeta` नावाच्या एका छोट्या पार्टिशनमध्ये इतर पार्टिशनांचे ठसे, म्हणजे हॅश, नोंदविलेले असतात आणि त्या नोंदीवर कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असते. बूटलोडर ही स्वाक्षरी किल्लीशी पडताळून पाहतो, `boot` पार्टिशनचा ठसा काढून नोंदीशी जुळवतो, आणि मगच अँड्रॉइडचा गाभा सुरू करतो.

या पडताळणीचा निकाल चार रंगांच्या नावांनी ओळखला जातो. बूटलोडर कुलूपबंद असून सर्व काही कंपनीच्या किल्लीशी जुळले, तर स्थिती हिरवी. हिरव्या स्थितीत पडद्यावर काहीच दिसत नाही. म्हणूनच बहुसंख्य लोकांना अशी काही तपासणी होत असते याची कल्पना नसते. पिवळी स्थिती आपल्याकडे क्वचित आढळते. गूगलच्या पिक्सेलसारख्या काही फोनमध्ये वापरणाऱ्याला स्वतःची किल्ली बसवून बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करता येतो. तेव्हा फोन त्या किल्लीची ओळख पडद्यावर दाखवून पुढे जातो. उरले नारिंगी आणि लाल. सर्वसामान्य समज असा की नारिंगी म्हणजे थोडा बिघाड आणि लाल म्हणजे मोठा बिघाड. हा समज चुकीचा आहे.

नारिंगी म्हणजे काय

नारिंगी स्थिती एवढेच सांगते की बूटलोडरचे कुलूप उघडे आहे. आतील आज्ञावली चांगली की वाईट, याविषयी ती मौन बाळगते. कुलूप उघडे असताना पडताळणीचा निकाल काहीही आला तरी बूटलोडर फोन सुरू करतो. कंपनीची मूळ, एका अक्षराचाही फरक नसलेली आज्ञावली असली तरी कुलूप उघडे असेल तर इशारा नारिंगीच राहील. उलटपक्षी, कोणी हेरगिरी करणारी आज्ञावली घातलेली असली तरी इशारा तोच, तितकाच नारिंगी. दरवाजावर पहारेकरी नाही, हे पाटीवर लिहिलेले असावे. आत कोण शिरले हे पाटीला ठाऊक नसावे, तसा हा प्रकार होय.

फ्लॅशिंगनंतर हा इशारा दिसू लागतो, कारण कंपनीबाहेरची आज्ञावली भरण्यासाठी आधी कुलूप उघडावे लागते. कुलूप उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. हा छळ नसून संरक्षण आहे : फोन चोरणाऱ्याला कुलूप उघडून मालकाची छायाचित्रे वाचता येऊ नयेत, हा त्यामागील हेतू. मात्र कुलूप एकदा उघडे राहिले की हे संरक्षण संपते. त्यानंतर फोन थोडा वेळ जरी दुसऱ्याच्या हाती पडला तरी तो काहीही न पुसता `boot` पार्टिशन बदलू शकतो आणि मालकाला पूर्वीचाच नारिंगी इशारा दिसत राहतो. बँकांची ॲप नकार देतात ती या कारणाने.

लाल म्हणजे काय

लाल स्थितीत तपासणी झालेली असते आणि ती फसलेली असते. परंतु लाल इशारा दोन ठिकाणांहून येऊ शकतो व त्यांचे अर्थ भिन्न आहेत.

पहिला प्रकार बूटलोडरच्या पातळीवरचा. कुलूप बंद आहे, पण `vbmeta` वरील स्वाक्षरी किंवा `boot` चा ठसा जुळत नाही. असा फोन सुरूच होत नाही. येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. कंपनीचीच पण जुनी आवृत्ती भरली तरीही हे घडू शकते. फोन आपल्या सुरक्षित स्मृतीत एक क्रमांक जपून ठेवतो व त्याहून कमी क्रमांकाची आवृत्ती नाकारतो, जेणेकरून जुन्या आवृत्तीतील ज्ञात त्रुटींचा कोणी गैरफायदा घेऊ नये.

दुसरा प्रकार फोन सुरू होऊ लागल्यानंतरचा आहे आणि तो अधिक उद्बोधक आहे. `system` सारखे पार्टिशन एवढे मोठे असते की सुरू होताना ते संपूर्ण तपासणे परवडत नाही. त्यासाठी `dm-verity` ही युक्ती योजिली आहे. समजा, पार्टिशन २ जीबीचे आहे. त्याचे ४,०९६ बाइटचे तुकडे केले तर ५,२४,२८८ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा ठसा ३२ बाइटचा. म्हणजे एका तुकड्याएवढ्या जागेत १२८ ठसे मावतात. सर्व ठसे ४,०९६ तुकड्यांत बसतात. त्या तुकड्यांचे पुन्हा ठसे घेतले की ३२ तुकडे, त्यांचे घेतले की एक तुकडा, आणि त्या एकाचा एकच ठसा. हा शेवटचा ठसा स्वाक्षरीने बांधलेला असतो. या संपूर्ण वृक्षाला सुमारे १६ एमबी जागा लागते. पुढे फोन चालत असताना जो तुकडा वाचला जाईल तेवढाच, वृक्षाच्या मार्गाने वरपर्यंत तपासला जातो. एक बिट जरी बदलला असला तरी तो तुकडा वाचताना चूक पकडली जाते. सामान्यतः फोन पुन्हा सुरू होतो आणि यंत्र दूषित झाल्याचा इशारा दाखवतो. मीडियाटेक चिपच्या फोनवर त्याची सुरुवात `dm-verity corruption` या शब्दांनी होते, आणि पॉवर बटण दाबले तरच फोन पुढे सरकतो.

आता, तो बिट बदलला कोणी? माणसाने बदलला असेल, किंवा झिजलेल्या साठवण चिपने स्वतःच. ठशाला यांतील फरक कळत नाही. अँड्रॉइड ७ पासून (२०१६) अशा झिजेवर काही अंशी मात करणारी दुरुस्ती-संकेतांची सोय आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. कधीही फ्लॅश न केलेल्या, चारपाच वर्षे वापरलेल्या फोनवर हा इशारा आला तर संशय प्रथम साठवण चिपवर घ्यावा. मूळ आज्ञावली पुन्हा भरल्यावर इशारा जाऊन काही दिवसांत परत आला, तर चिप खराब असल्याची शक्यता बळावते. अशा वेळी फोन तात्पुरता चालत असल्यास आधी छायाचित्रे व कागदपत्रे बाहेर काढून घ्यावीत, कारण पुन्हा संधी मिळेलच असे नाही.

सदाशिव पेठेतील फोन

वरील विद्यार्थ्याचा फोन संगणकाला जोडून पुढील दोन प्रश्न विचारले :

```
adb shell getprop ro.boot.verifiedbootstate
adb shell getprop ro.boot.flash.locked
```

उत्तरे आली `orange` आणि `0`. चालू अँड्रॉइड देत असलेल्या या उत्तरांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण बदललेले अँड्रॉइड खोटेही सांगू शकते. म्हणून फोन बूटलोडरमध्ये नेऊन `fastboot getvar unlocked` हा प्रश्न विचारला, उत्तर `yes`. पूर्वीच्या मालकाला दूरध्वनी केला असता त्याने सांगितले, की सर्वाधिकार मिळविण्यासाठी त्याने मॅजिस्कद्वारे `boot` बदलले होते.

येथेच दुकानदाराच्या दहा मिनिटांचा उलगडा होतो. मेसेज घालवण्याचे दोन मार्ग बाजारात चालतात. एक म्हणजे बूटलोडरच्याच आज्ञावलीत फेरफार करून त्या ओळी छापणे बंद करणे. त्यात कुलूप उघडेच राहते, बँकेचे ॲप नाकारतच राहते, आणि पुढच्या खरेदीदाराची मात्र फसवणूक होते. दुसरा मार्ग सरळ कुलूप लावण्याचा. पण या फोनमध्ये `boot` बदललेले होते. कुलूप लावताच सर्व माहिती पुसली गेली असती, आणि पुढच्या क्षणी बूटलोडरने तपासणी करून ठसा नाकारला असता. नारिंगीचा लाल झाला असता. पुन्हा कुलूप उघडण्याची परवानगी अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये द्यावी लागते, आणि अँड्रॉइड तर सुरूच होत नाही. मग सेवा केंद्राशिवाय सहसा गत्यंतर उरत नाही.

आम्ही क्रम उलटा ठेवला. प्रथम छायाचित्रे व टिपणे संगणकावर उतरवून घेतली. त्याच मॉडेलची, फोनमधील आवृत्तीहून जुनी नसलेली कंपनीची मूळ आज्ञावली मिळवून `boot` व `vbmeta` सह सर्व पार्टिशने भरली. कुलूप उघडेच ठेवून फोन सुरू केला. अपेक्षेप्रमाणे नारिंगी इशारा दिसला व फोन व्यवस्थित चालला. तो दोनदा बंद-चालू करून पाहिल्यावरच पुढील आज्ञा दिली व फोनच्या बटणाने संमती दिली :

```
fastboot flashing lock
```

माहिती पुसली गेली, ओळी नाहीशा झाल्या, `getvar` चे उत्तर `no` आले. सायंकाळी मेसचे पैसे गेले.

हिरव्याची मर्यादा

हिरवी स्थिती म्हणजे फोनमधील आज्ञावली कंपनीने स्वाक्षरी केली तशीच आहे. कंपनीने स्वाक्षरी करण्यापूर्वीच आत काही शिरले असेल तर रंग हिरवाच राहील. ट्रायडा हा घातक प्रोग्राम काही फोनच्या मूळ आज्ञावलीतच, बाहेरच्या पुरवठादारामार्फत शिरल्याचे गूगलने २०१९ मध्ये जाहीर केले होते. तसेच वापरणाऱ्याने नंतर स्वतः बसविलेली ॲप `data` पार्टिशनमध्ये राहतात. त्यांच्यापर्यंत ही साखळी पोहोचतच नाही.