एकत्र कुटुंब तुटलं, की फक्त चुली वाढल्या? मेहकर तालुक्यावरून एक संशोधन आराखडा

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये एक शीर्षक दरवर्षी हमखास दिसतं: 'ग्रामीण-शहरी स्थलांतरामुळे एकत्र कुटुंबपद्धतीचा ऱ्हास'. तुम्हीही असंच काही लिहायला घेतलं असेल, तर आधी त्या 'मुळे' आणि 'ऱ्हास' या दोन शब्दांपाशी थांबा. सर्व्हे करण्याआधीच या शब्दांनी निष्कर्ष सांगून टाकला आहे. मग समितीतला कुणीतरी हमखास विचारतो, "ऱ्हास झाला, हे तुम्ही मोजणार कशावरून?" या प्रश्नाला नीट उत्तर देता येईल असा आराखडा कसा बांधायचा, ते आज बघू. उदाहरण बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्याचं घेऊ. इथली शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर, सोयाबीन-तुरीची. तरुण मुलं चाकणला, वाळूजला, मुंबईला जातात. म्हणजे आपल्या प्रश्नाला लागणारं सगळं इथे आहे.

'कुटुंब' हा शब्दच घोटाळा करतो

मराठीत 'कुटुंब' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बसतात. एका छपराखाली राहून एका चुलीवरचं जेवणारी माणसं, हा पहिला अर्थ. रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्याने, जमिनीने, जबाबदारीने बांधलेली माणसं, मग ती कुठेही राहोत, हा दुसरा. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी १९७३ सालच्या आपल्या पुस्तकात हा फरक ठासून मांडला. जनगणना पहिला अर्थ धरते, म्हणजे एका स्वयंपाकघरातून जेवणारे ते एक कुटुंब. गावातला म्हातारा मात्र दुसऱ्या अर्थाने बोलतो. तुम्ही विचारता, "घरात माणसं किती?" तो पुण्यातला मुलगा, सून, नातू सगळे धरून आकडा सांगतो. तो खोटं बोलत नसतो, प्रश्न आपणच अर्धवट विचारलेला असतो.

म्हणून प्रस्तावात दोन शब्द वेगळे करा. एका चुलीवर जेवणाऱ्यांना 'घर' म्हणा आणि नात्याच्या मोठ्या गटाला 'कुटुंब'. पुढचा सगळा लेख मी याच अर्थाने लिहिला आहे.

इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तिच्यात एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवकार्य आणि ठराविक नातं एवढ्या खुणा येतात. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा या छोट्या शहराच्या अभ्यासात दुसरी बाजू धरली. कोण कुठे राहतं यापेक्षा कोण कोणाशी कर्तव्यानं बांधलं आहे, यावर त्यांचा भर होता. दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरवायची आपल्याला गरज नाही. स्थलांतर झालं की या खुणा एकदम तुटत नाहीत, वेगवेगळ्या वेळी तुटतात, हे आपल्या कामाचं. कोणती खूण आधी तुटते आणि कोणती टिकते, हाच आपला संशोधन प्रश्न.

एक घर मोजून पाहू

समजा, मेहकरजवळच्या एका गावात आई-वडील आणि तीन मुलं आहेत. पाच एकर कोरडवाहू शेती. २०१० मध्ये मोठ्या दोघांची लग्नं झालेली, धाकटा शाळेत, सगळे एका चुलीवर. आज मोठा मुलगा बायको-मुलांसह आई-वडिलांजवळ शेती करतो. मधला बायको आणि एका मुलासह चाकणला भाड्याच्या खोलीत राहतो. धाकट्याचं लग्न व्हायचं आहे. तो वाळूजला मित्रांबरोबर राहतो आणि डबा लावून जेवतो.

आता चुलीने मोजा. २०१० मध्ये एक घर होतं आणि ते एकत्र होतं. आज तीन घरं आहेत. गावातलं एकत्र, चाकणचं विभक्त आणि वाळूजची पोरांची खोली कशातच न बसणारी. म्हणजे एकत्र घरांचं प्रमाण शंभर टक्क्यांवरून एक तृतीयांशावर आलं. तक्ता बघणारा म्हणेल, बघा, ऱ्हास!

पण याच कुटुंबाला बाकीच्या खुणा लावून बघा. सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे, वाटणी झालेली नाही. जूनमध्ये बियाणं-खतासाठी मधला मुलगा पैसे पाठवतो. गावाहून तुरीची डाळ आणि गहू चाकणला जातात. कुलदैवताचं कार्य गावीच होतं. धाकट्याचं लग्न कोण जमवणार आणि खर्च कोण करणार, हे तिघं भाऊ मिळून ठरवतात. चुली तीन झाल्या, पण मालमत्ता, देवकार्य आणि जबाबदारी एकच राहिली.

पुढचं वर्ष घ्या. चाकणच्या सुनेचं बाळंतपण आहे म्हणून आई तिकडे सहा महिने जाते. नातवंडांची आठवण येते म्हणून वडीलही जातात. त्या सहा महिन्यांत तुम्ही सर्व्हेला गेलात, तर गावातलं घर विभक्त आणि चाकणचं एकत्र अशी नोंद होईल. भांडण नाही, वाटणी नाही, तरी तक्ता उलटा झाला. म्हणून एकाच दिवसाच्या मोजणीवर विसंबू नका. गेल्या बारा महिन्यांत प्रत्येक माणूस किती महिने कुठे जेवला, हे विचारा.

याच्या उलट प्रकारही भेटेल. एकाच वाड्यात राहणारे दोन भाऊ, एकच अंगण, पण आत दोन चुली. आपल्या भागात याला 'वायलं निघणं' म्हणतात. स्थलांतर कुणाचंच नाही, कुटुंब मात्र वेगळं झालेलं. आणि रेशनकार्डावरून तर काहीच ठरवू नका. योजनांच्या सोयीसाठी कार्ड वेगळं आणि जेवण एकत्र, अशी कितीतरी घरं असतात.

आधी काय झालं?

आता 'मुळे' या शब्दाकडे. कुटुंबं स्थलांतर न होताही वेगळी होतात. धाकट्याचं लग्न झालं, वडील वारले, सुनांचं पटलं नाही, की चूल वेगळी होते. हे कुटुंबाचं नेहमीचं चक्र आहे. त्यामुळे नुसती स्थलांतरित कुटुंबं घेऊन 'यातली बरीच वेगळी झाली' असं म्हटलं, तर त्यातून काही सिद्ध होत नाही. त्याच गावातली, त्याच टप्प्यावरची, पण कुणीही बाहेर न गेलेली कुटुंबं शेजारी ठेवावी लागतात. टप्पा म्हणजे वडील हयात आहेत का आणि किती मुलांची लग्नं झाली.

दुसरी अडचण क्रमाची. वाटणी आधी झाली असेल आणि वाट्याला दीड एकर आल्यामुळे मुलगा चाकणला गेला असेल, तर कारण आणि परिणाम उलटे झाले. हे ओळखायला प्रत्येक कुटुंबाच्या चार तारखा लागतात: कोण कधी बाहेर गेलं, चूल कधी वेगळी झाली, जमिनीची वाटणी कधी झाली, वडील कधी वारले. लोकांना वर्ष आठवत नाही, पण घटना आठवतात. म्हणून "नोटाबंदीच्या आधी की नंतर?", "लॉकडाऊनमध्ये कुठे होते?", "पोरगी शाळेत जायला लागली होती का?" असं विचारत वर्षापर्यंत पोचा.

लॉकडाऊनचा प्रश्न तर मुद्दाम ठेवा. मार्च २०२० नंतर शहरातली बरीच माणसं गावी परतली. परतलेला मुलगा सरळ आईच्या चुलीवर जेवला, की त्याने पडवीत वेगळी चूल मांडली? शेतात राबला, की पाहुणा म्हणून राहिला? 'आम्ही एकत्रच आहोत' या वाक्याची परीक्षा अशा वेळी झालेली असते.

यादी कुठून आणायची?

आज गावात जाऊन दारं वाजवलीत, तर जी सगळीच्या सगळी निघून गेली ती कुटुंबं तुम्हाला भेटणारच नाहीत. बदल सर्वांत जास्त त्यांच्यातच झालेला असतो. म्हणून आजची नाही, दहा-बारा वर्षांपूर्वीची यादी घ्या. ग्रामपंचायतीतली नमुना ८ ची जुनी कर आकारणी नोंदवही किंवा जुनी मतदार यादी चालते. त्यातून चिठ्ठ्या टाकून नावं काढा आणि प्रत्येक नावाचा माग घ्या. कुलूप लागलेलं घर वगळू नका. शेजाऱ्याकडून नंबर मिळवा आणि शहरात जाऊन भेटा.

जुनी नोंद हाताशी असली की काय साधतं, याचं चांगलं उदाहरण सातारा जिल्ह्यातलं सुगाव. या गावाची पाहणी १९४२ पासून पुन्हा पुन्हा झाली. त्याच आधारावर हेमलता दांडेकर यांनी १९८६ मध्ये 'मेन टू बॉम्बे, विमेन अ‍ॅट होम' हे पुस्तक लिहिलं. मुंबईला गेलेल्या पुरुषांच्या मागे गावात बायका काय काय सांभाळतात, हे त्यातून दिसतं. तुमच्या गावाची अशी पाहणी बहुधा नसेल. मग जुनी यादी आणि वरच्या चार तारखा यांवरच भागवावं लागेल.

उत्तर कोणाचं?

एका कुटुंबात निदान तिघांशी, आणि वेगवेगळं बोला: गावातले वडील किंवा आई, गावातली सून, शहरातला मुलगा किंवा सून. वडील म्हणतील, "आमचं एकत्रच आहे." चाकणची सून म्हणेल, "आमचं वेगळंच आहे, फक्त वाटणी राहिली." गावातली सून कदाचित तिसरंच सांगेल, कारण सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं तिच्याच अंगावर आहे. यातलं एक उत्तर खरं मानून बाकीची टाकू नका. तिघांचा मेळ कुठे बसत नाही, तीच नोंद सर्वांत मोलाची.

आणि एक सांभाळा. वाटणीचा विषय भावाभावांसमोर काढू नका. तुम्ही प्रश्नावली भरून निघून जाल, पण "वाटणी कधी करणार?" हा तुमचा प्रश्न त्या ओट्यावर मागे राहील. जमिनीचे प्रश्न शेवटी आणि एकट्यालाच विचारा. 'सांगायचं नाही' हा पर्याय छापील ठेवा. एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडे पडताळायला त्याचं नाव घेऊन जाऊ नका.

आवाका आणि नवं शीर्षक

एकट्या विद्यार्थ्याला दोन गावं आणि प्रत्येकी साठ कुटुंबं पुरेत. एक गाव मेहकर शहराला लागून, एक आडबाजूचं. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाऊन उन्हाळ्यात परतणारे या अभ्यासातून वेगळे ठेवा. त्यांच्यात बऱ्याचदा जोडपंच जातं आणि मुलं आजी-आजोबांकडे राहतात. तो प्रश्नच निराळा आहे. एवढ्या नमुन्यावरून 'महाराष्ट्रात असं होतं' म्हणता येणार नाही. या दोन गावांत कोणती खूण आधी तुटते, एवढं मात्र पुराव्यानिशी सांगता येईल.

मग शीर्षक असं होईल: 'मेहकर तालुक्यातील दोन गावांतील स्थलांतरित व अस्थलांतरित कुटुंबांमध्ये निवास, चूल, मालमत्ता आणि वृद्धांची देखभाल यांच्या विभाजनाचा क्रम'. लांब आहे, मान्य. पण समितीने "मोजणार कशावरून?" विचारलं, तर उत्तर शीर्षकातच आहे. आणि 'ऱ्हास' हा शब्द गाळल्यामुळे आणखी एक दार उघडं राहतं: चुली तीन झाल्या, तरी म्हाताऱ्या आईला रात्री दवाखान्यात नेणारं माणूस घरात उरलं आहे की नाही, हे विचारायचं. जनगणनेच्या तक्त्यात याचं उत्तर नाही. ते तुम्हालाच दारोदार जाऊन आणायचं आहे.