विलंबाची भरपाई की दंड?

बांधकामाच्या करारात उशिराबद्दल रक्कम आधीच ठरवलेली असते. व्यवहारात तिला ‘एलडी’ म्हणतात. ही रक्कम संभाव्य नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असेल तर ती भरपाई आणि केवळ धाक दाखवण्यासाठी असेल तर तो दंड, असा भेद इंग्लंडच्या कायद्याने केला. भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 74 दोन्हींना एकच नियम लावते. त्यानुसार वाजवी भरपाईच मिळते आणि करारातील आकडा ही तिची कमाल मर्यादा ठरते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वसतिगृहाचे कंत्राट 10 कोटींचे आहे. उशिराच्या दर आठवड्याला अर्धा टक्का, म्हणजे 5 लाख रुपये आणि जास्तीत जास्त 10 टक्के कापायचे, असे ठरले आहे. इमारत 20 आठवडे उशिरा मिळाली, म्हणून संस्थेने अंतिम बिलातून 1 कोटी कापले. मुलांसाठी भाड्याने घेतलेल्या जागेचा खर्च मात्र आठवड्याला 3 लाख होता आणि त्याच्या पावत्या संस्थेकडे आहेत.

संस्थेची बाजू अशी : आकडा दोघांनी राजीखुशीने ठरवला. भाडे मोजता येते. पण हुकलेले प्रवेश आणि व्यवस्थापनाचा वाढलेला ताण पैशांत मांडणे अवघड आहे. अंदाज प्रामाणिक असेल तर प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स या खटल्यात म्हटले होते.

कंत्राटदाराचे पहिले उत्तर उशिराच्या कारणाबद्दल आहे. पायाचे नकाशे संस्थेने 8 आठवडे उशिरा दिले आणि तेवढे दिवस काम ठप्प होते. अडथळ्यांच्या नोंदवहीत दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी तशी नोंद असेल, तर त्याच्या माथी 12 आठवडेच येतात आणि कपात 60 लाखांवर उतरते. दुसरे उत्तर 2015 च्या कैलाशनाथ असोसिएट्स निकालावर उभे आहे : नुकसान सिद्ध करणे शक्य असेल तर ते सिद्ध करावेच लागते. भाड्याच्या पावत्या आहेत, तेव्हा 12 आठवड्यांचे 36 लाखच द्यावेत, असे तो म्हणेल.

कलम 55 चा मुद्दाही त्याच्या हाती आहे. मुदत कळीची असूनही उशिरा झालेले काम संस्थेने स्वीकारले आणि त्याच वेळी भरपाईचा हक्क राखून ठेवल्याची सूचना दिली नाही, तर नंतर भरपाई मागता येत नाही. म्हणून मुदतवाढीच्या पत्रात ‘एलडीचा हक्क अबाधित ठेवून’ असे लिहिण्याची पद्धत आहे.

अशी सूचना दिलेली असेल, तर लवादापुढील वाद 36 ते 60 लाखांच्या दरम्यान उरतो. पावत्यांपलीकडचे नुकसान मोजण्यापलीकडचे आहे आणि 5 लाखांचा दर करार करताना हिशेब करून ठरवला होता, हे संस्थेने दाखवले तर निकाल 60 लाखांकडे झुकतो. दर जुन्या निविदेतून जसाच्या तसा उचललेला निघाला, तर तो 36 लाखांकडे येतो.