89,000 नव्हे, 98,000

फर्निचरचा एक व्यापारी शाळेला 40 खुर्च्यांचे दरपत्रक ई-मेलने पाठवतो. दर बरोबर असतो, 2,450 रुपये नग. बेरीज मात्र 98,000 ऐवजी 89,000 अशी टंकली जाते. तासाभराने चूक दिसते, तोवर मुख्याध्यापकांनी तो मेल संस्थेच्या खजिनदारांकडे पाठवलेला असतो.

मेल परत घेता येईल या आशेवर वेळ दवडू नये. जीमेलमध्ये पाठवलेला मेल रद्द करायची मुदत फार तर 30 सेकंदांची असते. आउटलुकमधली परत घेण्याची सोय साधारणपणे एकाच संस्थेतल्या खात्यांपुरती चालते. त्यामुळे दुसरा मेल लिहावाच लागतो. तो त्याच मेलला उत्तर म्हणून, पहिल्या वेळच्या सर्वांना जावा. विषय बदलला तर जीमेल त्याची वेगळी साखळी करते आणि जुना आकडा दुरुस्तीशिवाय पडून राहतो. फोनवर सूचना येते तेव्हा सुरुवातीचेच शब्द दिसतात, म्हणून बरोबर आकडा पहिल्याच वाक्यात हवा:

‘दुरुस्ती: 40 खुर्च्यांची एकूण रक्कम 98,000 रुपये आहे. सकाळच्या मेलमध्ये ती चुकून 89,000 लिहिली गेली. नगाचा दर (2,450 रुपये) आणि पोचवण्याची तारीख तीच आहे. सुधारित दरपत्रक सोबत आहे, कृपया आधीचे वापरू नये. ते पुढे कुणाला पाठवले असल्यास हेही पाठवावे. चुकीबद्दल क्षमस्व.’

यातले ‘तीच आहे’ हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. एक आकडा चुकला की वाचणाऱ्याला बाकीच्यांचीही शंका येते. काय बदललेले नाही हे सांगितले की त्याला सगळे पुन्हा तपासत बसावे लागत नाही. चुकीचा आकडाही लिहावाच. नुसते ‘सुधारित दरपत्रक जोडले आहे’ असे कळवले तर काय बदलले ते समोरच्याला शोधावे लागते, आणि गुपचूप भाव वाढवल्याचा संशय येतो. क्षमा एकदाच मागावी. संगणक, घाई, नवा कर्मचारी ही कारणे खजिनदारांच्या कामाची नाहीत. पाठवण्यापूर्वी मात्र सगळे आकडे पुन्हा पडताळावेत, कारण दुरुस्तीचीही दुरुस्ती आली की विश्वास ठेवणे अवघड होते.

खजिनदार आजच मंजुरी देणार असतील तर मेलवर विसंबू नये, आधी फोन करावा. आणि चूक बँकेच्या खाते क्रमांकात असेल तर फोन हवाच. ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असे मेल फसवणूक करणारेही पाठवतात, त्यामुळे सावध ग्राहक नुसत्या मेलवर पैसे भरणार नाही. त्याला त्याच्याकडे आधीपासून असलेल्या तुमच्या नंबरवर उलट फोन करून खात्री करायला सांगा, आणि तो करेपर्यंत पैसे पाठवू नका असेही सांगा.