ल्युपस आणि गर्भारपण : कोणत्या गोळ्या थांबवायच्या, कोणत्या थांबवायच्या नाहीत

शरीराची रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंऐवजी स्वतःच्याच पेशींवर उलटते, तेव्हा होणाऱ्या आजारांपैकी ल्युपस हा एक प्रमुख आजार आहे. त्यात सांधे दुखतात, गालांवर लाल चट्टे उठतात, केस गळतात, कधी रक्तपेशी कमी होतात आणि सर्वांत गंभीर म्हणजे मूत्रपिंडांना सूज येते. दर 10 रुग्णांमध्ये साधारण 9 स्त्रिया असतात आणि बहुतेकींना हा आजार मूल होण्याच्या वयातच गाठतो. त्यामुळे निदान झाल्यावर औषधांच्या मागोमाग ‘मूल होऊ शकेल का?’ हा प्रश्न घरात येतोच.

एकेकाळी डॉक्टर अशा स्त्रीला मूल होऊ देऊ नका, असाच सल्ला देत. आता तसे नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या 385 गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सर्वांचा आजार गर्भधारणेच्या वेळी शांत किंवा सौम्य होता. पाचांपैकी जवळपास चौघींचे गर्भारपण मोठ्या गुंतागुंतीशिवाय पार पडले. यातली मेख ‘आजार शांत असताना’ या अटीत आहे. आजार किमान सहा महिने शांत असावा, लघवीतून जाणारे प्रथिन दिवसाला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असावे आणि या काळात घेतलेली औषधे गर्भाला चालणारी असावीत, मगच गर्भधारणेचा विचार करावा, असे संधिवाततज्ज्ञ सांगतात. आजार उसळलेला असताना दिवस राहिले, तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आईच्या मूत्रपिंडांचे कायमचे नुकसान या तिन्ही शक्यता वाढतात. म्हणून ल्युपसमध्ये गर्भारपणाची खरी तयारी दिवस राहण्याच्या निदान सहा महिने आधी सुरू होते.

ही तयारी प्रत्यक्षात कशी होते, ते एका कल्पित पण नेहमी दिसणाऱ्या उदाहरणावरून पाहू. 28 वर्षांची, 60 किलो वजनाची एक स्त्री. तीन वर्षांपूर्वी ल्युपसमुळे तिच्या मूत्रपिंडांना सूज आली होती, आता ती आटोक्यात आहे. ती चार औषधे घेते : मायकोफिनोलेट, रक्तदाब आणि प्रथिन या दोन्हींसाठी रॅमिप्रिल, रोज 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि 300 मिलिग्रॅम हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, म्हणजे रुग्ण ज्याला ‘एचसीक्यू’ म्हणतात ती गोळी. यातली दोन औषधे बदलावी लागतात, दोन चालू राहतात.

मायकोफिनोलेट आधी जाते. मूत्रपिंडांसाठी ते उत्तम औषध आहे, पण त्याने गर्भपाताची शक्यता वाढते आणि बाळाच्या कानांत, ओठांत, टाळूत व्यंग येऊ शकते. दिवस राहण्यापूर्वी किमान सहा आठवडे ते बंद असावे लागते. त्याच्या जागी अझाथायोप्रिन येते. ते वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, परंतु त्याला क्रियाशील रूप देणारे विकर गर्भाच्या यकृतात नसल्यामुळे बाळाला त्याचा फारसा त्रास होत नाही. वजनाच्या दर किलोला 2 मिलिग्रॅम ही त्याची गर्भारपणातली मर्यादा. या स्त्रीला रोज 100 मिलिग्रॅम चालेल. मात्र गोळी बदलली आणि लगेच प्रयत्न सुरू केले, असे करता येत नाही. नव्या औषधावर मूत्रपिंड शांत राहते का, हे काही महिने तपासावे लागते. सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड हीसुद्धा आधीच थांबवायची औषधे आहेत. त्यातले लेफ्लुनोमाइड शरीरात फार काळ रेंगाळते, त्यामुळे ते बाहेर काढण्यासाठी कोलेस्टिरामिन नावाची पूड द्यावी लागते.

रॅमिप्रिलचा प्रश्न थोडा वेगळा आहे. या गटातली औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांची वाढ बिघडवतात, गर्भजल कमी होते, आणि हा धोका दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत सर्वाधिक असतो. म्हणून काही तज्ज्ञ प्रथिन जास्त जात असलेल्या स्त्रीला चाचणी सकारात्मक येईपर्यंत ते घेऊ देतात, पण पाळी चुकताच तपासणी करण्याच्या अटीवर. इतरांना ते आधीच बंद केलेले बरे वाटते. बदलीला लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन असते.

उरलेल्या दोन गोळ्यांबाबत मात्र उलटा धोका असतो. दिवस राहिल्याचे कळताच घरातली मोठी माणसे, कधी औषधांच्या दुकानातला माणूस, कधी गावचा डॉक्टरही ‘आता सगळ्या गोळ्या बंद करा, बाळाला बाधतील’ असे सांगतो. सांगण्यामागे काळजीच असते. पण एचसीक्यू बंद करणे ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. 1991 मध्ये कॅनडातल्या एका चाचणीत स्थिर रुग्णांची ही गोळी थांबवली, तेव्हा ती चालू ठेवलेल्या रुग्णांच्या तुलनेत आजार उसळण्याचा धोका सुमारे अडीच पट झाला. गर्भारपणात ती थांबवणाऱ्या स्त्रियांमध्येही आजार अधिक वेळा उसळल्याचे नंतर दिसले. तिचा परिणाम उतरायला वेळ लागतो. गोळी थांबवल्यावर तिचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे 40 दिवस जातात. म्हणजे पाळी चुकल्यावर ती बंद करणाऱ्या स्त्रीच्या गर्भाला अवयव घडण्याच्या आठवड्यांत ती मिळतेच, आणि काही महिन्यांनी, बाळ भराभर वाढत असताना, आईचे संरक्षण तेवढे निघून जाते. मात्रा वजनाच्या दर किलोला 5 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, म्हणून 60 किलोला 300 मिलिग्रॅम. डोळ्यांच्या पडद्याची ठरावीक तपासणी गर्भारपणातही चुकवू नये.

प्रेडनिसोलोनही चालते, कारण वारेतले एक विकर त्याचा बराचसा भाग निष्क्रिय करते आणि गर्भापर्यंत साधारण दहावा हिस्साच पोहोचतो. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन मात्र वारेतून सहज पलीकडे जातात, म्हणूनच अपुऱ्या दिवसांत प्रसूती होण्याची चिन्हे दिसली, की बाळाच्या फुप्फुसांसाठी ती टोचतात. प्रेडनिसोलोनची मात्रा वाढली, तर आईचा रक्तदाब आणि साखर वाढते, तसेच लवकर प्रसूतीची शक्यताही वाढते. त्यामुळे ते शक्य तितके कमी ठेवतात. बाराव्या आठवड्याच्या सुमारास अल्प मात्रेतली ॲस्पिरिनही सुरू होते. ल्युपसमध्ये प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणातला रक्तदाबाचा धोकादायक विकार, अधिक होतो आणि ॲस्पिरिन ती शक्यता घटवते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळायच्या. सांधे दुखलेच, तर पॅरासिटॅमॉल घ्यावे.

आता ही स्त्री 26 व्या आठवड्यात आहे आणि पाय सुजले म्हणून तपासणीला आली आहे. लघवीत प्रथिन वाढलेले आहे. हा ल्युपस उसळला की प्री-एक्लॅम्प्सिया सुरू झाला? दोन्हींत सूज येते, रक्तदाब वाढतो, प्रथिन जाते, प्लेटलेट कमी होऊ शकतात. उपचार मात्र एकमेकांहून वेगळे आहेत. ल्युपस असेल तर स्टेरॉइड वाढवून गर्भारपण पुढे नेता येते. तीव्र प्री-एक्लॅम्प्सिया असेल तर अखेर प्रसूती करणे हाच उपाय. निदान चुकले, तर अकाली जन्मलेले बाळ किंवा गेलेले मूत्रपिंड, यांपैकी काहीतरी पदरी पडते.

डॉक्टर चार ठिकाणी पाहतात. विसाव्या आठवड्यापूर्वी अशी लक्षणे आली, तर ल्युपसकडे बोट जाते. लघवीत लाल रक्तपेशी आणि त्यांचे साचे दिसले, तरीही तेच. रक्तातील सी-3 आणि सी-4 ही पूरक प्रथिने निरोगी गर्भारपणात वाढतात. ती घसरत असतील आणि डीएनएविरोधी प्रतिपिंडे चढत असतील, तर आजार जागा होत आहे. युरिक ॲसिड आणि यकृताची विकरे वाढली, रक्तदाब झपाट्याने चढला, तर प्री-एक्लॅम्प्सियाचा संशय बळावतो. ईएसआरवर विसंबता येत नाही, कारण तो निरोगी गरोदर स्त्रीतही वाढतो. म्हणूनच सी-3, सी-4 आणि प्रथिनाचे आकडे दिवस राहण्याआधीच नोंदवून ठेवायचे. तुलनेला जुना कागदच नसेल, तर 26 व्या आठवड्याच्या कागदावरून फारसे काही सांगता येत नाही.

या स्त्रीचा रक्तदाब ठीक आहे, सी-3 पूर्वीपेक्षा कमी झाले आहे, लघवीत लाल पेशी आहेत. म्हणजे आजार उसळला आहे. तिचे प्रेडनिसोलोन काही काळासाठी वाढवतात, अझाथायोप्रिन आणि एचसीक्यू चालूच राहतात, आणि गरज पडली तर टॅक्रोलिमस जोडता येते. तेही गर्भाला चालणारे औषध आहे.

गर्भधारणेपूर्वी आणखी दोन रक्ततपासण्या झाल्याच पाहिजेत. पहिली ‘ॲन्टी-रो’ प्रतिपिंडांची. ती वारेतून बाळाकडे जातात आणि दर शंभरांतल्या एक-दोन बाळांच्या हृदयाची विद्युतयंत्रणा बिघडवतात. ठोके मंद पडतात. पूर्ण हृदयरोध झाला, तर तो उलटत नाही आणि अनेक बाळांना पेसमेकर लागतो. म्हणून अशा मातांच्या गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी साधारण 16 व्या ते 26 व्या आठवड्यांत वारंवार करतात. पहिल्या बाळाला हे झाले असेल, तर पुढच्या बाळाची जोखीम 16 ते 18 टक्क्यांपर्यंत जाते. एचसीक्यू घेतल्यास ती जवळपास निम्मी होते. ही गोळी बंद न करण्याचे हे दुसरे कारण. या प्रतिपिंडांमुळे काही नवजात बाळांच्या अंगावर पुरळ येतो, पण आईची प्रतिपिंडे सहा-आठ महिन्यांत संपली, की तो जातो.

दुसरी तपासणी फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांची. त्यांनी रक्तात गुठळ्या होतात आणि वारंवार गर्भपात होतात. पूर्वी गुठळी झालेल्या स्त्रीची वॉरफेरिन गोळी गर्भाला घातक असल्याने दिवस राहताच थांबवून हेपॅरिनची इंजेक्शने सुरू करतात, सोबत ॲस्पिरिन असते. गुठळी न झालेल्या, पण वारंवार गर्भ गमावलेल्या स्त्रियांनाही हीच जोडी देतात. प्रसूतीनंतर सहा आठवडे गुठळीचा धोका अधिक असतो, म्हणून इंजेक्शने लगेच थांबत नाहीत.

प्रसूती झाली की सगळ्यांचे लक्ष बाळाकडे जाते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ल्युपस पुन्हा उसळू शकतो. रात्रीची जागरणे, थकवा, केस गळणे हे बाळंतिणीचे नेहमीचे त्रास म्हणून सोडून दिले जातात आणि लघवीची तपासणी राहून जाते. पहिले तीन महिने ती दर महिन्याला व्हावी. एचसीक्यू, अझाथायोप्रिन आणि कमी मात्रेतले प्रेडनिसोलोन घेत असताना बाळाला अंगावर पाजता येते, पण मायकोफिनोलेट, मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोफॉस्फामाइड घेत असताना पाजू नये. पुढचे मूल पुन्हा आजार शांत असतानाच व्हावे, यासाठी गर्भनिरोधनही लवकर ठरवावे लागते. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात. तिच्यासाठी तांबी सुरक्षित असते.