हृदयाभोवती साचलेलं पाणी

नऊ वर्षांची गोल्डन रिट्रीव्हर फिरायला निघते आणि दारातच कोसळते. हिरड्या पांढऱ्या, नाडी वेगवान पण क्षीण, हृदयाचे ठोके दूरवरून आल्यासारखे. सोनोग्राफीत हृदयाभोवती काळा पट्टा दिसतो. हृदयाच्या पिशवीत द्रव साचला आहे. त्याच्या दाबाने उजव्या कर्णिकेची भिंत आत दबते, हृदय भरतच नाही आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी लघवी वाढवणारं इंजेक्शन दिलं तर हृदयात येणारं रक्त आणखी घटतं. द्रव काढणं हाच उपाय.

बरगड्यांमधली जागा बधिर करून उजव्या बाजूने कॅथेटर घालतात, ईसीजी सुरू ठेवून. येणारा द्रव बहुधा रक्तासारखाच लाल असतो, म्हणून थोडा साध्या नळीत ठेवून पाहतात. तो गोठला नाही, तर तो पिशवीतलाच असण्याची शक्यता मोठी. गोठला तर सुई हृदयात शिरली असेल किंवा ताजा रक्तस्राव चालू असेल. थोडा द्रव निघाला तरी नाडी भरू लागते.

कारण शोधायचं तर कुत्रीची प्रकृती परवानगी देत असेल तेव्हा द्रव काढण्याआधीच नीट पाहावं, कारण काळ्या द्रवात गाठ उठून दिसते. उजव्या कर्णिकेवरची गाठ बहुधा हिमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा घातक कर्करोग. महाधमनीच्या मुळाशी असलेली गाठ सहसा सावकाश वाढते. गाठ दिसलीच नाही तर कारण अज्ञात असू शकतं, आणि असे काही कुत्रे एकदोनदा द्रव काढल्यावर बरेही होतात. मात्र लहान गाठ नजरेतून सुटते, आणि द्रवातल्या पेशी तपासूनही बऱ्याचदा निदान होत नाही. उंदराचं विष खाल्ल्याची शंका असेल तर रक्त गोठण्याची चाचणी आधी करावी.