आजोबांची मिशी नातवाच्या ओठावर

समजा, एका घरात आजोबांचा एक फोटो आहे: रुंद कपाळ, जाड काड्यांचा चष्मा, भरघोस पांढरी मिशी. नातू जन्मला त्याच्या आधीच ते गेले. नातू आता पंचविशीत आहे. कुरळे केस, गुळगुळीत दाढी, चष्मा नाही. दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नाही. घरच्यांना तो हवा आहे, म्हणून स्टुडिओतला कलाकार दोन्ही फोटो रेफरन्स म्हणून संगणकाला देतो आणि अंगणात शेजारी उभे असलेले आजोबा-नातू मागतो. चित्र येते. अंगण छान, ऊन छान. पण नातवालाही पांढरट मिशी फुटलेली असते, आणि आजोबांचा जबडा विशीतल्या मुलासारखा कोवळा झालेला असतो.

नवी साडी पांढऱ्या सदऱ्याबरोबर भिजत घातली की रंग लागतो, तसेच इथे होते. इंग्रजी शोधनिबंधांत याला ‘आयडेंटिटी ब्लेंडिंग’ म्हणतात. एमआयटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘फास्टकंपोजर’ नावाची पद्धत मांडली, ती मुख्यतः याच दुखण्यावर. चित्रे बनवणारे कलाकार आपसात नुसते ‘ब्लीड होतंय’ म्हणतात. उपाय समजून घ्यायचा तर रंग नेमका कोणत्या वाटेने लागतो ते आधी पाहावे लागते. वाटा दोन आहेत, आणि बहुतेक जण एकच बुजवतात.

पहिली वाट रेफरन्स फोटोकडून येते. ‘स्टेबल डिफ्यूजन एक्सएल’ हे २०२३ च्या जुलैत आलेले मॉडेल उदाहरणाला घेऊ. ते चित्राची सुरुवात निव्वळ खरखरीपासून करते आणि पायरीपायरीने ती खरखर साफ करत जाते. प्रत्येक पायरीवर चित्राचा प्रत्येक चौकोन जणू विचारतो, ‘मी काय व्हायचं?’ उत्तर दोन ठिकाणांहून मिळते: आपण लिहिलेल्या वाक्यातून, आणि ‘आयपी-अ‍ॅडॉप्टर’सारखी जोडणी लावली असेल तर रेफरन्स फोटोतून. ही जोडणी टेन्सेंटच्या एआय प्रयोगशाळेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणली. ती फोटोचे रूपांतर थोड्याशा आकड्यांच्या ओळींत करते आणि चौकोनांपुढे ठेवते. या विचारपूसला ‘क्रॉस-अटेंशन’ म्हणतात.

एकच चेहरा असेल तर काही अडत नाही. दोन चेहरे दिले की दोघांच्या ओळी प्रत्येक चौकोनापुढे ठेवल्या जातात. कोणता चौकोन कोणाचा, हे कुठेच लिहिलेले नसते. डावीकडचा चौकोन म्हणतो, ‘मी चेहऱ्याचा भाग आहे,’ आणि आजोबा व नातू दोघेही चेहरेच असल्याने दोघांकडून जवळजवळ सारख्याच जोराने उत्तर येते. त्यातून जे उतरते ती दोघांची सरासरी असते.

ही वाट मास्कने बंद होते. कलाकार चित्राच्याच आकाराचे दोन काळे-पांढरे आराखडे बनवतो. एकात फक्त आजोबांच्या डोक्याची जागा पांढरी, दुसऱ्यात फक्त नातवाची. मग आजोबांच्या फोटोतून येणारे उत्तर पहिल्या मास्कने गुणले जाते. काळ्या जागेत गुणाकार शून्य, म्हणजे तिथे आजोबांचा आवाजच पोचत नाही. नातवाचेही तसेच. कॉम्फीयूआय आणि डिफ्यूजर्स या दोन्ही प्रचलित साधनांत ही सोय आहे.

तरीही अनेकांचे मास्क फसतात, आणि त्याचे कारण शाळकरी गणिताइतके साधे आहे. चित्र १२१६ × ८३२ पिक्सेलचे असले तरी या मॉडेलमधली बहुतांश अटेंशनची कामे त्याच्या खूप लहान प्रतीवर चालतात. सर्वांत खोल थरात बाजू बत्तीस पटीने आखडलेली असते, म्हणजे उरतात फक्त ३८ × २६ चौकोन. १६० पिक्सेल रुंद चेहऱ्याच्या वाट्याला आडवे पाच चौकोन येतात, आणि एका डोळ्याला जेमतेम एक. मास्कही याच जाळीवर आकसतो. आजोबा-नातवाच्या गालांत वीस पिक्सेलचे अंतर असेल तर पडद्यावर ती फट स्पष्ट दिसते, पण जाळीवर ती एका चौकोनाहूनही लहान असते. तो चौकोन मग दोघांच्या सामाईक मालकीचा होतो. मास्कची कड कितीही कोरीव काढली तरी तिथे काही उपयोग नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती मास्कमध्ये नसून मांडणीत करायची. आपल्या उदाहरणात कलाकार दोन चेहऱ्यांमध्ये साधारण १३० पिक्सेल मोकळे सोडतो, म्हणजे खोल जाळीवरही चार चौकोनांचे अंतर राहते. मधली पट्टी दोन्ही मास्कमध्ये काळी ठेवतो. पण डोकी त्या पांढऱ्या जागेतच येतील याची खात्री काय? ती नसते. मॉडेलने आजोबांना दोन वीत उजवीकडे काढले तर मास्क भिंतीवर पडतो आणि आजोबांचा चेहरा कोणा अनोळखी म्हाताऱ्याचा निघतो. त्यासाठी आधी सांगाड्याची रेखाकृती द्यायची: मान कुठे, खांदे कुठे, डोळे-नाक कुठे. ‘कंट्रोलनेट’ हे काम करते. आधी जागा पक्की, मग मास्क, मग चेहरा, हा क्रम मोडला की सगळे कोसळते.

आता दुसरी वाट. मास्क बिनचूक असूनही नातवाच्या ओठावर मिशीची सावली उरते, तेव्हा दोष या वाटेचा असतो. चित्रातले चौकोन फक्त रेफरन्सला विचारत नाहीत, एकमेकांनाही विचारतात. चित्र एकजीव दिसावे, दोन्ही डोळे जुळावेत, ऊन सगळीकडे एकाच बाजूने पडावे, म्हणून ही व्यवस्था आहे. तिला ‘सेल्फ-अटेंशन’ म्हणतात. नातवाच्या वरच्या ओठाचा चौकोन शोधतो की चित्रात आपल्यासारखे आणखी कोण आहे. त्याला आजोबांचा वरचा ओठ सापडतो. तिथे मिशी आहे. तो ती उचलतो. आपला मास्क या संभाषणात कुठेच नसतो. २०२४ मध्ये ‘बाउंडेड अटेंशन’ या नावाने मांडलेल्या संशोधनाने हीच गळती दाखवली आणि प्रत्येक व्यक्तीच्या चौकोनांना दुसऱ्या व्यक्तीच्या चौकोनांकडे पाहण्यापासून रोखण्याचा मार्ग सुचवला.

लिहिलेले वाक्यही याच गोंधळात भर घालते. ‘पांढऱ्या मिशीचे आजोबा आणि कुरळ्या केसांचा तरुण’ असे लिहिले की ‘मिशी’ हा शब्द पूर्ण चित्राला ऐकू जातो. रेफरन्सवर लावलेला मास्क शब्दांना लागू होत नाही. म्हणून मुख्य वाक्यात अंगण, ऊन, सदरा, उभे राहण्याची ढब एवढेच ठेवावे. चेहऱ्याचे वर्णन द्यायचेच असेल तर ते त्या-त्या जागेपुरते वेगळे द्यावे.

दुसरी वाट घरगुती साधनांनी बुजवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे दुसरी फेरी. पहिल्या फेरीतून फक्त रचना घ्यायची आणि चेहरे कच्चे समजायचे. मग नातवाचे डोके कापून १०२४ × १०२४ इतके मोठे करायचे आणि तेवढाच भाग नातवाच्या एकट्या रेफरन्सने पुन्हा रंगवायचा. या चौकटीत आजोबा नाहीत, त्यांचा फोटो जोडलेला नाही, वाक्यात मिशी नाही. उचलायला काही उरतच नाही. शिवाय पाच चौकोनांचा चेहरा आता पंधरा-वीस चौकोनांचा झालेला असतो, त्यामुळे डोळ्यांचा खरा आकार उतरतो. पुनर्रंगाची तीव्रता साधारण ०.४ ते ०.५ ठेवतात. त्याहून कमी ठेवली तर जुनी मिशी पुसली जात नाही. फार वाढवली तर डोके वळते, उजेड बदलतो आणि मानेवर जोड दिसतो. मिशी हट्टी असेल तर आधी ओठावरचा भाग साध्या ब्रशने त्वचेच्या रंगात झाकून घेतात. हीच फेरी मग आजोबांसाठी करायची.

ब्लीड झाले की नाही हे ठरवायला नुसता अंदाज पुरत नाही. सोपी चाचणी अशी: सीडचा आकडा तोच ठेवून आजोबांचा रेफरन्स काढून टाकायचा आणि चित्र पुन्हा काढायचे. नातवाची मिशी गेली तर ती आजोबांकडून आली होती. राहिली तर दोष वाक्याचा किंवा नातवाच्या फोटोतल्या सावलीचा आहे, आणि मास्कशी झगडण्यात अर्थ नाही.

दुसरी चाचणी मोजमापाची. ‘आर्कफेस’सारखे चेहरा ओळखणारे मॉडेल प्रत्येक चेहऱ्याचे ५१२ आकड्यांत रूपांतर करते आणि दोन चेहरे किती जवळचे हे एका गुणात सांगते. चार गुण काढायचे: चित्रातले आजोबा विरुद्ध खरे आजोबा, चित्रातले आजोबा विरुद्ध खरा नातू, आणि नातवाचे तसेच दोन. पण इथे एक पायरी विसरू नये. आजोबा आणि नातू रक्ताचे आहेत. त्यांच्यात साम्य असणारच. म्हणून आधी दोन मूळ फोटोंचा आपसातला गुण काढावा. समजा तो ०.२५ आला. चित्रातला नातू खऱ्या आजोबांशी ०.२७ जुळला तर ते घराण्याचे नाक आहे. तोच गुण ०.४५ निघाला तर ती सरमिसळ आहे. चित्र बनवताना जे ओळख-मॉडेल वापरले तेच मोजायला वापरू नये, कारण त्याच्याच मापाने चित्र घडलेले असते आणि गुण फुगून येतात. ही मॉडेल्स मिशी, चष्मा, केस यांना फारसे मोजतही नाहीत, कारण माणसाने दाढी केली तरी त्याला ओळखणे हेच त्यांचे काम. त्यामुळे गुण उत्तम असूनही नातवाच्या नाकावर आजोबांचा चष्मा असू शकतो. तो डोळ्यांनीच पकडावा लागतो.

काही अपघात तर चित्र सुरू होण्याआधीच घडतात. आजोबांचा फोटो लग्नसमारंभातला असेल आणि खांद्यामागे दुसऱ्या कोणाचे तोंड डोकावत असेल, तर काही साधने सर्वांत मोठा चेहरा उचलतात, काही पहिला सापडेल तो. रेफरन्स देताना फोटोत एकच चेहरा राहील असे कापून घेणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे.

एवढे सगळे करूनही एक मागणी अशी आहे जिथे हे उपाय अपुरे पडतात: गालाला गाल लावलेले, मिठीतले आजोबा-नातू. तिथे जाळीवर अंतर ठेवायला जागाच नाही आणि डोके कापले तरी दुसऱ्याचा अर्धा चेहरा चौकटीत येतो. अशा चित्रासाठी दोघांना स्वतंत्र काढून, फोटो-संपादनाच्या साधनात थर लावून हाताने जोडणे हाच आजचा खात्रीचा रस्ता आहे. त्याला एक दिवस जास्त लागतो, आणि स्टुडिओने तो दिवस मागून घ्यावा. चित्र घरी देण्याआधी ते दोन्ही मूळ फोटोंच्या शेजारी ठेवून आजोबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला दाखवावे, आणि हे चित्र संगणकाने बनवलेले आहे हे मागच्या बाजूला लिहून द्यावे.