रिकाम्या तारखा, आणि त्यांच्याखालच्या चार ओळी

तुळशीचं लग्न जवळ आलं की मंगल कार्यालयांच्या जाहिराती मोबाइलवर फिरू लागतात. सजवलेल्या स्टेजचा फोटो असतो आणि खाली ओळ असते, ‘डिसेंबरच्या मोजक्या तारखा शिल्लक, त्वरा करा’. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन सुट्टीतला महिना बहुतेक घरांनी लग्नासाठी टाळलेला. पाठोपाठ चातुर्मास. त्यामुळे वर्षअखेरीच्या तारखांना मागणी राहणार. अशा वेळी फोटोखालचा मजकूर नीट लिहिलेला असेल, तर वधूपक्षाचे दहा फोन आणि दोन फेऱ्या वाचतात. तो कसा असावा, हे कार्यालय चालवणाऱ्यांनी आणि शोधणाऱ्यांनीही समजून घ्यायला हवं.

पहिला प्रश्न तारखेचा. आपल्याकडे कार्यालयाचा ‘दिवस’ बहुधा आदल्या संध्याकाळी सुरू होतो. सीमांतपूजन, वऱ्हाडाचं जेवण आणि मुक्काम आदल्या रात्री, लग्न दुसऱ्या दिवशी. म्हणजे रविवार, १३ डिसेंबर रिकामा आहे असं लिहिलं, तर शनिवारची संध्याकाळही त्यातच आली. पण त्याच यादीत ‘शनिवार १२, फक्त संध्याकाळ, स्वागत समारंभासाठी’ असंही असेल, तर एकच संध्याकाळ दोघांना देऊ केली आहे. शनिवारचा समारंभ ठरला की रविवारचं वऱ्हाड थेट सकाळीच आत येणार. म्हणून तारखेपुढे वार हवा, ताबा किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायचा तेही हवं, आणि यादी कोणत्या दिवशीची आहे हेसुद्धा. आठवडाभर जुनी यादी फिरत राहते आणि लोक गेलेल्या तारखेसाठी फोन करत राहतात. संध्याकाळच्या समारंभासाठी आणखी एक वेळ महत्त्वाची असते: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला कायद्याने मनाई आहे. लॉनवरचं स्वागत साडेआठला सुरू होणार असेल, तर गाणी दीड तासच वाजतील.

दुसरा प्रश्न क्षमतेचा, आणि सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. ‘क्षमता १०००’ या आकड्यात सभागृह, भोजनगृह आणि बाहेरचं लॉन अशी सगळी बेरीज असू शकते. अक्षता टाकायला मात्र सगळे एकाच वेळी एकाच छताखाली असतात. समजा, सभागृह ८० फूट बाय ६० फूट आहे. एकूण ४,८०० चौरस फूट. त्यातून ४० बाय १५ चं स्टेज वजा केलं की ४,२०० उरतात. मधली वाट धरून एका खुर्चीला सुमारे १० चौरस फूट लागतात, म्हणजे ४२० खुर्च्या. सहाशे पाहुणे आले तर बाकीचे उभे राहणार किंवा बाहेर थांबणार.

जेवणाचा हिशोब निराळा. भोजनगृहात एका पंगतीला २०० बसत असतील, तर ६०० माणसांच्या तीन पंगती होतात. वाढणं, जेवणं, उष्टी काढणं, पुसून पुन्हा पानं मांडणं यात एका पंगतीला पाऊण तास जातो. मुहूर्त १२ वाजून २० मिनिटांचा असला, तर पहिली पंगत पावणेएकला बसते आणि तिसरी सव्वादोनला. घरची माणसं, विहीण आणि आचारी त्यानंतर. कार्यालय पाच वाजता सोडायचं असेल, तर पाठवणीला आणि सामान आवरायला किती वेळ उरतो ते यावरून कळतं. त्यामुळे मजकुरात दोन आकडे वेगळे हवेत: बसून किती, आणि एका पंगतीला किती. बुफे असेल तर तसं सांगावं.

तिसरी ओळ पार्किंगची. ‘भरपूर पार्किंग’ या शब्दांनी काहीच कळत नाही. त्याच ६०० पाहुण्यांपैकी ३०० जण चारचाकीने आले आणि एका गाडीत चार जण धरले, तर ७५ गाड्या होतात. उभी राहायची जागा आणि आत-बाहेर करायची वाट मिळून एका गाडीला साधारण २५ चौरस मीटर लागतात. ७५ गाड्यांचे झाले १,८७५ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेअठरा गुंठे. दुचाकी आणि वऱ्हाडाच्या बस यांची जागा आणखी वेगळी. बसला तर वळायलाही जागा लागते. हे गणित माहीत असलेला व्यवस्थापक ‘४० चारचाकी आवारात, बाकीच्या समोरच्या मैदानात’ असं लिहितो. आकडा लहान असला तरी तो खरा असतो, आणि पाहुण्यांना आधीच कळवता येतो.

चौथी ओळ जेवणाच्या नियमांची. कार्यालयाचाच केटरर घ्यावा लागेल का, की आपला आचारी आणता येईल? आणता येत असेल तर प्रत्येक ताटामागे कार्यालयाला काही द्यायचं का? आणि किमान किती ताटांची हमी? पाचशे ताटांची हमी असेल, दर ३०० रुपये असेल आणि जेवले ४३० जण, तरी पैसे पाचशेचेच द्यावे लागतात. न जेवलेल्या ७० ताटांचे २१,००० रुपये. बँडवाले, फोटोग्राफर, बसचे चालक हेही जेवतात. ते मोजणीत धरणार का, आणि ताटं मोजणार कोण, हे आधी ठरलेलं बरं. भाड्यावर जीएसटी लागत असेल, तर तो दरात धरलाय की वेगळा, एवढं लिहिल्याने शेवटच्या दिवशीचा वाद टळतो.

हे सगळं एकत्र केलं तर मजकूर असा होतो:

‘डिसेंबर २०२६, रिकाम्या तारखा (१ ऑक्टोबरपर्यंतची स्थिती): शुक्र. ११, रवि. १३, रवि. २०. ताबा आदल्या दिवशी संध्या. ६ ते लग्नाच्या दिवशी संध्या. ५. सभागृहात बसून ४२०, एका पंगतीला २००. पार्किंग: आवारात ४० चारचाकी, १०० दुचाकी, दोन बस समोरच्या मैदानात. जेवण शाकाहारी, आमच्या केटररकडून. किमान ३०० ताटे, जीएसटी वेगळा. पाहायला येण्यासाठी आधी वेळ घ्यावी: सोम. ते गुरु., सकाळी १० ते १२ किंवा संध्या. ५ ते ७. संदेशात लग्नाची तारीख, पाहुण्यांची अंदाजे संख्या, येणारे किती जण आणि येण्याची वेळ लिहा. पाहून गेल्यावर तारीख २४ तास राखून ठेवू. नंतर अनामत भरणाऱ्याला प्राधान्य.’

शेवटच्या चार वाक्यांकडे विशेष लक्ष द्यावं. पाहणीची वेळ ठरवलेली नसली की लोक चालू लग्नात, ऐन पंगतीच्या वेळी येतात. तेव्हा कुणाला बोलायला सवड नसते, आणि यजमानांनाही ते खटकतं. संख्या आधी कळली तर व्यवस्थापक ४२० खुर्च्यांत ८०० माणसं बसणार नाहीत हे फोनवरच सांगतो आणि दोघांचीही फेरी वाचते. तारीख किती वेळ राखली जाईल हे लिहिलेलं असलं, की घरी विचारून येतो म्हणणाऱ्याच्या मागे दुसऱ्याने तारीख नेल्याचा राग राहत नाही.

पाहायला जाताना मोजपट्टी बरोबर न्या. सभागृह, वधूपक्षाच्या आणि वरपक्षाच्या खोल्या, स्वयंपाकघराच्या पाण्याची टाकी, जनरेटर कशाकशाला पुरतो, स्वच्छतागृहं किती, हे स्वतः पाहा. मग मजकुरातली प्रत्येक ओळ पावतीवर लिहून घ्या आणि त्यानंतरच अनामत द्या.